फसलेला पाठ आणि रोजनिशीचे पान

दुसऱ्या वर्षाच्या क्षेत्रप्रकल्पासाठी आमच्यापैकी काही जणांनी जवळच्या शाळेत जाऊन काही पाठ घेण्याचे ठरविले होते. मी मराठी विषय घेतला. पाठ घेतल्यावर प्रत्येकाने एक ‘चिंतनात्मक रोजनिशी’ लिहायची आणि ती सरांना दाखवायची, अशी अट होती. त्यासाठी औरंगपुऱ्यातील एका दुकानातून मी शंभर पानी वही घेतली, तिला खाकी कव्हर घातले व पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात नाव घातले. पुढचे पान लिहायला मात्र मला तीन प्रयत्न करावे लागले. ते का लागले आणि शेवटी काय लिहिले, एवढेच या लेखात सांगायचे आहे. पुढच्या वर्षी जे विद्यार्थी शाळेत पाठ घ्यायला जातील त्यांना, आणि बी.एड.ला जाऊ इच्छिणाऱ्या माझ्या मैत्रिणींना, त्याचा काही उपयोग व्हावा.

प्रथम पाठाविषयी. वर्ग आठवीचा, पटावर पन्नासच्या आसपास, त्या दिवशी हजर 44. विषय व्याकरणाचा: कर्तरी प्रयोग व कर्मणी प्रयोग. टाचण मी आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून काढले होते. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, गृहपाठ, सगळे रकाने भरलेले. प्रत्यक्षात दहा-बारा मिनिटांतच वर्ग हातातून सुटला. शेवटच्या बाकांवर गप्पा, मध्ये हशा, आणि एकदा तर शेजारच्या वर्गावरचे शिक्षक दारात येऊन उभे राहिले व काही न बोलता निघून गेले. शेवटी मी फळ्यावर पाच वाक्ये लिहून प्रयोग ओळखायला सांगितले आणि उत्तरांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. 44 पैकी पाचही उत्तरे बरोबर असलेल्या चिठ्ठ्या निघाल्या चार.

घरी आले तेव्हा आईने विचारले, “कसा झाला गं तास?” मी म्हटले, “चांगला झाला.” आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेली मी पहिलीच. वडील जाधववाडीच्या मोंढ्यात हमाली करतात. पोरगी शाळेत शिकवायला जाते, हे त्यांनी तिथल्या चार माणसांना सांगून ठेवले होते. त्यामुळे दुसरे काही सांगण्याची माझी हिंमत झाली नाही. वहीला तरी खरे सांगावे म्हणून रात्री लिहायला बसले. पण वहीलाही मी खरे सांगितले नाही, हे मला चार दिवसांनी कळले.

पहिल्या प्रयत्नातले पान असे होते: “आज मी इयत्ता आठवीच्या वर्गावर पहिला पाठ घेतला. वर्ग अत्यंत बेशिस्त होता. विद्यार्थ्यांना व्याकरणात रस नाही. त्यांचा पाया कच्चा आहे. मी पूर्ण तयारी केली होती, परंतु विद्यार्थ्यांनी लक्ष न दिल्यामुळे पाठाचा हेतू साध्य झाला नाही. पुढील वेळी वर्गनियंत्रणाकडे अधिक लक्ष देईन.” हे वाचून मलाच कसेतरी झाले, म्हणून ते पान फाडले आणि दुसरे लिहिले. ते याच्या अगदी उलट होते. मी घाबरट आहे, माझा आवाज लहान आहे, माझी भाषा गावाकडची आहे, शिक्षिका होणे माझे काम नव्हे, असे दीड पानभर. ते लिहिताना रडू आले आणि लिहून झाल्यावर बरे वाटले. बरे वाटले म्हणून मला ते खरे वाटले.

तेच पान सरांना दाखविले. त्यांनी समासात लाल शाईने एकच ओळ लिहिली: “यात तुम्ही आहात, वर्ग कुठे आहे?”

त्या ओळीचा अर्थ लागायला वेळ लागला. दोन्ही पानांत मी निकाल दिला होता. पहिल्या पानात मुले दोषी, दुसऱ्यात मी दोषी. पण त्या पस्तीस मिनिटांत काय घडले, याचा एकही तपशील दोन्हींत नव्हता. पाठ मराठीचा होता की भूगोलाचा, हे सुद्धा त्या पानांवरून कुणाला सांगता आले नसते. ‘विद्यार्थ्यांनी लक्ष दिले नाही’ किंवा ‘मी घाबरले’ ही वाक्ये कुठल्याही फसलेल्या पाठाखाली खपून जातील. म्हणूनच त्यांच्यापासून पुढच्या पाठासाठी काही हाती लागत नाही. जॉन ड्यूई या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञाने 1910 साली ‘हाऊ वुई थिंक’ या पुस्तकात विचारपूर्वक विचार करणे म्हणजे काय याची चर्चा केली आहे. त्याचा एक मुद्दा मला इथे लागू पडला. अडचण आली की मन लगेच निष्कर्षाकडे धावते. तो निष्कर्ष थोडा वेळ अधांतरी ठेवून पुरावा शोधण्याचे कष्ट घेणे म्हणजे चिंतन. माझी दोन्ही पाने धावत निष्कर्षाला पोचली होती, फक्त दिशा वेगवेगळ्या होत्या.

आम्हाला नमुना म्हणून दिला होता तो ग्रॅहॅम गिब्ज यांचा आराखडा. तो 1988 चा असून बी.एड.च्या व परिचर्येच्या अभ्यासक्रमांत बराच वापरला जातो. त्यात सहा पायऱ्या आहेत: काय घडले, काय वाटले, बरेवाईट काय, तसे का झाले, आणखी काय करता आले असते, आणि पुन्हा तशी वेळ आली तर काय करीन. आराखडा चुकीचा नाही. पण सहा मथळे टाकून प्रत्येकाखाली तीन-तीन ओळी लिहिल्या की काम झाले, असे आम्हा सर्वांना वाटले. पहिल्या पायरीला तीन ओळी पुरत नाहीत, ही खरी मेख. ‘काय घडले’ हे कच्चे राहिले तर ‘का झाले’ याला उत्तर म्हणून आपल्या मनात आधीपासून असलेली समजूतच वर येते. माझ्या मनात दोन समजुती तयार होत्या: शहरातली मुले उर्मट असतात, आणि मी खेड्यातली असल्यामुळे कमी पडते. दोन्ही पाने त्यांनीच लिहिली होती.

तिसऱ्या वेळी मी उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी चिठ्ठ्या काढल्या.

फळ्यावर दिलेली पाच वाक्ये अशी होती. पहिले, ‘मीना गाणे गाते.’ दुसरे, ‘आईने भाकरी केली.’ तिसरे, ‘मी पेरू खाल्ला.’ चौथे, ‘मुले मैदानावर खेळतात.’ पाचवे, ‘आम्ही शाळा सजवली.’ यांतले पहिले व चौथे कर्तरी आणि बाकीची तीन कर्मणी. आधी मी फक्त ‘पाचही बरोबर किती’ एवढेच मोजले होते आणि चार हा आकडा पाहून हाय खाल्ली होती. आता प्रत्येक वाक्य वेगळे मोजले. पहिले वाक्य 41 जणांचे बरोबर, दुसरे 40 जणांचे, चौथे 42 जणांचे. तिसरे मात्र फक्त सहा जणांचे आणि पाचवे पाच जणांचे.

हे आकडे समोर आले तेव्हा माझे पहिले पान जागेवरच खोटे ठरले. लक्ष न देणाऱ्या वर्गाच्या चुका विखुरलेल्या असतात; कुणाचे पहिले चुकते, कुणाचे चौथे. इथे तसे नव्हते. जवळजवळ सगळा वर्ग तीन वाक्यांत बरोबर आणि त्याच दोन वाक्यांत चूक होता, आणि चूकही एकच: दोन्ही वाक्यांना त्यांनी ‘कर्तरी’ म्हटले होते. इतक्या मुलांनी एकसारखी चूक करायची तर त्यांना ती कुणीतरी एकसारखी शिकवलेली असली पाहिजे. आणि त्या तासाला शिकविणारी मी एकटीच होते.

मग टाचण उघडले. विषयविवेचनाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात वाक्य होते: “कर्त्याला ‘ने’ प्रत्यय असेल तर कर्मणी, नसेल तर कर्तरी.” हे मी फळ्यावर चौकट करून लिहिले होते आणि मुलांकडून दोनदा म्हणवून घेतले होते. दहावीत असताना एका गाईडमधून मी ही युक्ती पाठ केली होती. परीक्षेत तिने मला गुणही मिळवून दिले. पण ती खरी नाही. ‘मी’, ‘आम्ही’, ‘तू’, ‘तुम्ही’ यांना ‘ने’ लागतच नाही. ‘मी पेरू खाल्ला’ यात ‘ने’ कुठेही नाही, तरी प्रयोग कर्मणीच आहे, कारण पेरूच्या जागी चिंच आणली की ‘मी चिंच खाल्ली’ होते. आणि ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ आणले तरी क्रियापद हलत नाही, ‘आम्ही पेरू खाल्ला’ असेच राहते. क्रियापद कुणाच्या मागे जाते, कर्त्याच्या की कर्माच्या, ही खरी कसोटी. ‘ने’ हे नुसते वरवरचे चिन्ह, तेही अर्धवट. मुलांनी माझा नियम इमानाने पाळला होता. म्हणजे वर्ग ऐकत होता. मी चुकीचे सांगत होते.

इथे एक गोष्ट नमूद करते. ही चूक सापडल्यावर मला पुन्हा दुसऱ्या पानाकडे, म्हणजे रडण्याकडे, जायचा मोह झाला होता. पण ‘मी नालायक आहे’ आणि ‘मी एक चुकीचा नियम सांगितला’ ही दोन निराळी विधाने आहेत. पहिल्यावर काही करता येत नाही. दुसऱ्यावर परवाच्या तासाला करता येते.

आता ‘काय घडले’ लिहायचे होते. यासाठी मी पानावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे डोळ्यांनी पाहिलेले व कानांनी ऐकलेले, उजवीकडे मी त्यावरून जे समजले ते. डाव्या बाजूला शक्य तिथे वेळ घातली. हे काम पाठाच्या दिवशीच करायला हवे होते. चार दिवसांनी मला बरेच आठवेना. सुदैवाने हातातल्या घड्याळाकडे मी सारखी बघत होते, ते या कामी आले. (घाबरण्याचा एवढा एक फायदा.) डावीकडचा मजकूर लिहिताना एक पथ्य ठेवले, की विशेषण वापरायचे नाही. ‘उद्धट’, ‘बेशिस्त’, ‘निरुत्साही’ असा शब्द आला की तो उजवीकडे ढकलायचा आणि त्या ठिकाणी मुलाने नेमके काय केले ते लिहायचे. हे दिसते तितके सोपे नाही. पहिल्या दहा ओळींत मला सात वेळा खोडावे लागले.

असे लिहिता लिहिता मी 12 वाजून 27 मिनिटांपाशी आले आणि तिथे थांबले. त्या वेळी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने हात वर करून विचारले होते, “मॅडम, ‘शिपायाने चोराला पकडले’ हे पण कर्मणीच का?” मी म्हटले होते, “ते नंतर.” आणि फळ्याकडे वळले होते. माझ्या आठवणीत हा प्रसंग अगदी किरकोळ होता. पहिल्या दोन्ही पानांत त्याचा उल्लेखही नाही. पण वेळा एकाखाली एक मांडल्यावर दिसले, की त्याआधी वर्ग बराच शांत होता आणि गोंगाट त्यानंतर सुरू झाला. डावीकडे मी लिहिले: ‘तो शेजारच्या मुलाकडे वळला, काही बोलला, मागच्या बाकावरची दोघे हसली, एक वही मागे गेली.’ उजवीकडे लिहिले: ‘ते मला हसले.’

उजव्या बाजूच्या प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारायचा: याचा दुसरा अर्थ काय होऊ शकेल, आणि कोणता खरा ते कशावरून ठरेल? निदान एक तरी दुसरा अर्थ लिहिल्याशिवाय पुढे जायचे नाही. मी लिहिले: ‘कदाचित ते त्या वाक्यावरच वाद घालत असतील.’ हे नुसते स्वतःच्या समाधानासाठी लिहिले होते. पण मग त्या मुलाची चिठ्ठी शोधून पाहिली. पुढच्या बाजूला माझ्या पाच वाक्यांची उत्तरे, सगळ्यांसारखीच. मागच्या बाजूला पेन्सिलीने दोन ओळी होत्या: ‘शिपायाने चोराला पकडले’ आणि खाली ‘शिपायांनी चोरांना पकडले’. दोन्ही ओळींत ‘पकडले’ या शब्दाखाली रेघ, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मी कितीतरी वेळ ती चिठ्ठी घेऊन बसले होते. त्या मुलाने कर्ता बदलून पाहिला, कर्म बदलून पाहिले, आणि क्रियापद कशानेच हलत नाही हे त्याच्या लक्षात आले. म्हणजे प्रयोग ओळखण्याची खरी कसोटी मी सांगितलेली नसताना त्याने ती स्वतः लावली होती. ते वाक्य भावे प्रयोगाचे आहे. माझ्या चौकटीतल्या नियमाने मात्र ते कर्मणी ठरत होते, आणि तेच त्याला पटत नव्हते. माझा पाठ वाचविणारा प्रश्न त्याने बारा सत्तावीसला विचारला होता आणि मी ‘ते नंतर’ म्हणून तो बाजूला सारला होता.

गिब्जच्या आराखड्यातली ‘काय वाटले’ ही पायरी खरी इथे कामाला येते, सुरुवातीला नव्हे. सबंध पाठभर काय वाटले हे लिहिले की ते निबंधासारखे होते. एका विशिष्ट क्षणी काय वाटले हे विचारले तर उत्तर नेमके येते. बारा सत्तावीसला मला काय वाटले? मला त्या प्रश्नाचे उत्तर येत नव्हते. ‘नंतर’ हा शब्द वेळ नसल्यामुळे आलेला नव्हता. उत्तर माहीत नसल्यामुळे आला होता. घरी विचारायला कुणी नाही, पुस्तकात आहे तेच बरोबर, अशा रीतीने मी इथवर आलेली आहे. ज्या दिवशी पुस्तकाबाहेरचा प्रश्न आला त्या दिवशी मला आपले बिंग फुटेल असे वाटले. ही भावना लिहिण्याजोगी आहे, कारण तिच्यामुळे मी एक विशिष्ट कृती केली आणि त्या कृतीचा वर्गावर परिणाम झाला. ज्या भावनेचा पाठातल्या कुठल्याच कृतीशी संबंध दाखवता येत नाही, ती या वहीत नसली तरी चालते. तिच्यासाठी दुसरी वही असावी.

शेवटची पायरी पुढच्या पाठाची. ‘अधिक तयारी करीन’, ‘वर्गनियंत्रण सुधारीन’ ही वाक्ये आमच्या सर्वांच्या वह्यांत होती. तयारी मी केलीच होती, दोन वाजेपर्यंत. म्हणून मी स्वतःसाठी असे ठरविले, की बदल एकच लिहायचा, तो पुढच्या तासाच्या कुठल्या मिनिटाला करायचा तेही लिहायचे, आणि तो साधला की नाही हे कशावरून कळेल ते आधीच लिहून ठेवायचे. अनेक बदल एकदम केले तर कशाने काय झाले ते समजत नाही.

पुढे जे पान मी सरांना दिले ते इथे देते. विद्यार्थ्यांची नावे रोजनिशीत घालायची नाहीत, बाकाच्या क्रमांकाने उल्लेख करायचा, हा आमच्या विभागाचा संकेत आहे. कारण ही वही इतरांच्या हातात जाते.

“इयत्ता आठवी, मराठी व्याकरण, कर्तरी व कर्मणी प्रयोग. हजर 44. तास 12.10 ते 12.45.

12.14 पर्यंत हजेरी व प्रस्तावना. 12.22 पर्यंत व्याख्या व ‘ने’चा नियम फळ्यावर लिहिला, मुलांनी तो दोनदा म्हटला. 12.22 पासून माझी सहा उदाहरणे. सहाही नियमात बसणारी. 12.27 ला बाक 3 वरून ‘शिपायाने चोराला पकडले’ याविषयी प्रश्न. मी ‘ते नंतर’ म्हटले. नंतर उत्तर दिले नाही. 12.28 पासून बोलणे वाढले. 12.31 ला शेजारचे शिक्षक दारात आले. 12.35 ला चिठ्ठ्या.

चिठ्ठ्यांत ‘ने’ नसलेली दोन कर्मणी वाक्ये अनुक्रमे 38 व 39 जणांची चुकली. बाकीची तीन बहुतेकांची बरोबर. यावरून मुलांनी नियम लक्षपूर्वक ऐकला व लावला असे दिसते. नियम चुकीचा होता. मी तो दहावीत पाठ केला होता व कधी तपासला नव्हता. माझी सहा उदाहरणे नियमाला धरून निवडलेली असल्यामुळे टाचण काढतानाही चूक दिसली नाही.

बाक 3 वरील प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते. ते कबूल करण्याची भीती वाटली म्हणून प्रश्न टाळला. गोंगाट त्यामुळेच झाला असे खात्रीने म्हणता येत नाही. जेवणाच्या सुट्टीआधीचा तास होता, हेही कारण असू शकेल. परंतु गोंगाट त्यानंतर सुरू झाला, आणि प्रश्न विचारणारा मुलगा त्याच वाक्यावर विचार करीत होता, हे त्याच्या चिठ्ठीवरून दिसते.

पुढील तासात: पहिल्या पाच मिनिटांत नियम चुकीचा होता हे सांगून फळ्यावरून खोडणे, आणि बाक 3 चे वाक्य घेऊन कर्ता व कर्म बदलण्याची कसोटी मुलांकडून करवून घेणे. पडताळा: तासाच्या शेवटी ‘ने’ नसलेली दोन व ‘ने’ असलेली दोन नवी वाक्ये. ‘ने’ नसलेली कर्मणी वाक्ये निदान निम्म्या वर्गाला ओळखता आली तर कसोटी पोचली असे धरीन.”

या पानावर सरांनी ‘जेवणाच्या सुट्टीआधीचा तास’ या शब्दांखाली रेघ मारून ‘हे लिहिलेत ते बरे केले’ असे म्हटले. मला आधी ते पळवाटीसारखे वाटले होते. पण आपल्या हाती नसलेले कारण असेल तर तेही मांडायला हवे. नाही तर चिंतनाच्या नावाखाली सगळे खापर स्वतःच्या डोक्यावर फोडण्याची सवय लागते. आणि ज्या वहीवर गुण मिळणार असतात तिच्यात ती सवय फार लवकर लागते. मार्गदर्शकांना नम्र कबुलीजबाब आवडतो, असे आम्ही विद्यार्थी धरून चालतो. माझ्या वर्गातल्या दोघींनी तर न फसलेला पाठही फसल्यासारखा लिहिला, कारण ‘चिंतन’ चांगले दिसते!

या वहीची आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. तिच्यात तेच येते जे आपण पाहिले. माझ्याकडे चिठ्ठ्या नसत्या तर मी आजही पहिल्या नाहीतर दुसऱ्या पानावर असते. नुसत्या आठवणीतून तो नियम चुकीचा आहे हे मला कधीच कळले नसते. म्हणून पाठाच्या शेवटी मुलांकडून काहीतरी लेखी घ्यावे, चार ओळी का होईनात, आणि ते फेकू नये. मैत्रिणीला मागच्या बाकावर बसवून वेळा टिपायला सांगितले तर आणखी चांगले.

ग्रंथालयात मला गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ मिळाले. भावनगरच्या या शिक्षकाने 1930 च्या दशकात गुजरातीत लिहिलेली ही एका काल्पनिक शिक्षकाची हकीकत. त्यातही पहिलाच दिवस फसतो. शिक्षक मोठ्या उमेदीने मुलांना शांततेचा खेळ शिकवायला जातो, मुले आरडाओरडा करतात, शेवटी त्यांना सोडून द्यावे लागते आणि वर मुख्याध्यापकांची नाराजी. मला त्यात एक गोष्ट विशेष वाटली. दुसऱ्या दिवशी तो मुलांना शिस्त लावण्याच्या मागे लागत नाही. आपली सुरुवातच त्या मुलांसाठी चुकीची होती असे ठरवून तो गोष्ट सांगायला बसतो. त्याने बदल एकच केला.

माझा दुसरा तास गुरुवारी झाला. नियम चुकीचा होता असे सांगताना माझा आवाज कापत होता. वर्गात क्षणभर शांतता पसरली, मग कुणीतरी “म्हणजे चिठ्ठीतले मार्क वाढणार का?” असे विचारले आणि सगळे हसले, मीही हसले. बाक 3 वरच्या मुलाला फळ्याशी बोलावले. त्याने शिपायाचे शिपाई केले, चोराचे चोर केले, चोराची चोरीण सुद्धा केली, आणि ‘पकडले’ जागचे हलले नाही. शेवटच्या चिठ्ठ्यांत ‘ने’ नसलेले एक कर्मणी वाक्य 43 पैकी 27 जणांनी ओळखले, दुसरे 22 जणांनी. म्हणजे निम्म्याच्या काठावर. दुसऱ्या वाक्यात क्रियापद जोडलेले होते, ‘आम्ही वही शोधून काढली’. ते मी अवघड निवडले असावे. तसे पानावर लिहिले आहे.

घंटा झाल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी टेबलाशी आली. म्हणाली, “मॅडम, आमच्या घरी ‘मी पाणी पिलो’ म्हणतात. यात ‘ने’ पण नाही आणि झालेली गोष्ट आहे. मग हे ‘मी पेरू खाल्ला’सारखं कर्मणी का?” यावेळी मी म्हटले, “मला आत्ता सांगता येत नाही. तू बदलून बघ.” तिने तिथेच उभ्या उभ्या बदलून पाहिले: तो पाणी पिला, ती पाणी पिली, मग पाण्याच्या जागी चहा घातला, ताक घातले. क्रियापद पिणाऱ्याच्या मागे गेले, पाण्याच्या मागे गेले नाही. “मग हे कर्तरी!” असे म्हणून ती पळाली. मी संध्याकाळी व्याकरणाच्या पुस्तकात पाहिले. पुस्तकात ‘प्यालो’ आहे, पण प्रयोग तिने सांगितला तोच. तारीख घालून तिचा प्रश्न मी डाव्या बाजूला लिहिला. उजवी बाजू अजून कोरी आहे. रात्री आईने पुन्हा विचारले तेव्हा तिला दोन्ही तास सांगितले, पहिल्यापासून.